त्यांच्यासारखं काढून द्या

न्यूयॉर्कच्या नवव्या अव्हेन्यूवर राहणाऱ्या माणसाला जग कसं दिसतं? सॉल स्टाइनबर्ग या चित्रकारानं २९ मार्च १९७६ च्या ‘द न्यूयॉर्कर’च्या मुखपृष्ठावर याचं उत्तर काढलं. चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात नववा आणि दहावा अव्हेन्यू आहे. तिथल्या इमारती, खिडक्या, गाड्या, माणसं, सगळं निगुतीनं काढलेलं. मग हडसन नदीचा पट्टा येतो. नदीपलीकडे न्यू जर्सीची एक चिंचोळी पट्टी आणि तिच्यामागे अख्खी अमेरिका एखाद्या पटांगणाएवढी, त्यात ठिपक्यांसारखी चारदोन नावं. पलीकडे पॅसिफिक महासागर, आणि अगदी टोकाला चीन, जपान, रशिया हे तीन लहानसे उंचवटे. आपल्या गल्लीपलीकडचं जग ज्यांना धूसर दिसतं, त्या सगळ्यांचं हे चित्र आहे. ते इतकं गाजलं की त्याची पोस्टरं निघाली आणि पुढे कितीतरी शहरांनी आपापली नक्कल काढली.

१९८४ साली कोलंबिया पिक्चर्सचा ‘मॉस्को ऑन द हडसन’ हा चित्रपट आला. न्यूयॉर्कला आलेला एक रशियन वादक तिथेच राहून जातो, अशी त्याची गोष्ट. रशियनाच्या भूमिकेत रॉबिन विल्यम्स होता. जाहिरातीसाठी जे पोस्टर केलं गेलं, त्यात खाली पात्रं आणि त्यांच्यामागे न्यूयॉर्कचे चार चौक तपशिलानं काढलेले होते. पुढे पाणी, त्यापलीकडे युरोपातली शहरं आणि क्षितिजावर मॉस्को. स्टाइनबर्गचं चित्र पश्चिमेकडे पाहत होतं, हे पूर्वेकडे. स्टाइनबर्ग तेव्हा हयात होता. तो कोर्टात गेला.

आज कुणी संगणकापुढे बसून एखाद्या हयात चित्रकाराचं नाव टाइप करतो आणि ‘त्यांच्यासारखं चित्र दे’ म्हणतो, तेव्हा जे प्रश्न उभे राहतात, त्यातले बरेचसे या जुन्या खटल्यात आधीच येऊन गेले आहेत. ‘त्यांच्यासारखं काढून द्या’ ही मागणी छापखान्यात, प्रकाशकाच्या कचेरीत, जाहिरात कंपनीत कायमच होत आली आहे. तेव्हा ती एका चित्रकाराकडून दुसऱ्या चित्रकाराकडे जायची, आता ती यंत्राकडे जाते. म्हणून हा खटला जरा सावकाश पाहू.

कोलंबियाच्या बाजूनं मुद्दा सरळ होता. शहरातल्या माणसाला आपल्या शहरापलीकडचं जग लहान दिसतं ही एक कल्पना आहे, आणि कल्पना कुणाच्या मालकीची नसते. न्यायाधीश लुईस स्टँटन यांनी हे मान्य केलं. ही कल्पना कुणीही वापरू शकतो, दुसऱ्या शहराचं, दुसऱ्या दिशेचं असंच चित्र काढू शकतो. पण मग त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. दोन्हीत वरच्या कडेला निळ्या रंगाचा अरुंद हलका पट्टा म्हणजे आकाश. दोन्हीत क्षितिज दाखवायला लाल रंगाची पट्टी. दोन्हीत जवळपास चार चौक बारकाईनं काढलेले, आणि मागे जाल तसतसं चित्र रिकामं होत जाणारं. रस्त्यांची नावं लिहिण्याची लहान मुलाच्या हातासारखी टोकदार अक्षरं दोन्हीकडे सारखी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही इमारतींच्या खिडक्यांचे आकार, त्यांवरची नक्षी, सावल्या, छतावरची पाण्याची टाकी, वाहनतळावरची लाल पाटी, हे तपशील स्टाइनबर्गच्या चित्रातून उचललेले दिसत होते.

कोलंबियाचा कला दिग्दर्शक चौकशीत खरं बोलला. स्टाइनबर्गचं पोस्टर आपण विकत घेतलं होतं, ते कचेरीत लावलं होतं, आणि बाहेरच्या चित्रकाराला ते पाहून काम करायला सांगितलं होतं, कारण पाहताक्षणी न्यूयॉर्क वाटायला हवं होतं. म्हणजे नक्कल झाली की नाही याचा पुरावा शोधत बसायची गरजच उरली नाही. १९८७ साली निकाल स्टाइनबर्गच्या बाजूनं लागला. हे विडंबन आहे, हा बचावही टिकला नाही, कारण पोस्टर स्टाइनबर्गच्या चित्रावर काही भाष्य करत नव्हतं, ते चित्रपटाची तिकिटं विकत होतं.

या निकालात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की शैली हा अभिव्यक्तीचा एक घटक आहे. कलेच्या कायद्याबद्दल बोलणारे बरेचजण हे वाक्य संदर्भाशिवाय सांगतात आणि त्यातून ‘शैलीवरही कॉपीराइट असतो’ असा निष्कर्ष काढतात. तसा तो निघत नाही. स्टाइनबर्गसारखी रेषा, त्याच्यासारखी अक्षरं एवढंच घेऊन कुणी मांजराचं चित्र काढलं असतं तर हा खटला उभाच राहिला नसता. शैली इथे मोजली गेली ती एका विशिष्ट चित्राशी असलेल्या साम्यात भर घालणारी गोष्ट म्हणून. मूळ चित्र एक, नक्कल एक, आणि दोघांमध्ये मोजून दाखवता येतील असे तपशील, हा या खटल्याचा कणा होता.

भारतातही कायद्याची दिशा हीच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्राला संरक्षण दिलं आहे, चित्र काढण्याच्या पद्धतीला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात वाद एका नाटकाचा आणि ‘न्यू दिल्ली’ या हिंदी चित्रपटाचा होता. न्यायालयानं सांगितलं की कल्पना, विषय, कथावस्तू यांवर कॉपीराइट नसतो. ती कल्पना ज्या रूपात, ज्या मांडणीत, ज्या पद्धतीनं व्यक्त झाली त्यावर असतो. आणि कसोटी दिली ती सामान्य माणसाच्या नजरेची: दोन्ही कलाकृती पाहिल्यावर ही दुसरी पहिलीची नक्कल आहे असं त्याच्या मनात पक्कं बसतं का?

कायद्यानं शैलीला मोकळं सोडलं ते बरंच केलं, असं मला मनापासून वाटतं. मराठी मासिकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आठवून पाहा. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला आणि त्यांचे रंग, त्यांच्या स्त्रियांचे डोळे, त्यांची उतरती बोटं पुढच्या कितीतरी मुखपृष्ठांवर दिसत राहिली. दलालांच्या हयातीत, त्यांच्या नजरेसमोर. त्यातल्या प्रत्येकाला कोर्टात खेचता आलं असतं, तर मराठी मुखपृष्ठकलेच्या पुढच्या दोन पिढ्या घडल्याच नसत्या. गोव्यात मारिओ मिरांडांची चित्रं वाढत्या वयात पाहिलेल्या मुलाच्या वहीत ठिपक्याठिपक्यांचे झगे आणि लांब नाकांची माणसं येणारच. शिकणारा हात आधी दुसऱ्याच्या हातासारखा वळतो. मग कधीतरी तो आपल्या स्वभावाकडे वळतो, आणि तो कुठे वळला हेच त्याचं असतं.

अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानंही जुलै २०२४ च्या अहवालात हाच कौल दिला. माणसाच्या चेहऱ्याची आणि आवाजाची संगणकानं केलेली हुबेहूब नक्कल थांबवायला नवा कायदा हवा, पण त्या कायद्यात चित्रशैली घालू नये, असं त्यांचं म्हणणं. चित्रकारांच्या तक्रारी त्यांनी ऐकल्या होत्या, त्या खऱ्या आहेत हेही मान्य केलं होतं.

मग तक्रार नेमकी आहे कशाची? ती समजून घ्यायला पोलंडच्या ग्रेग रुटकोव्स्कीकडे यावं लागेल.

रुटकोव्स्की हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, ‘मॅजिक: द गॅदरिंग’ अशा खेळांसाठी अद्भुतरम्य चित्रं काढणारा डिजिटल चित्रकार. ड्रॅगन, किल्ले, धुरकट आकाशात फुटलेला सोनेरी प्रकाश, जुन्या युरोपीय तैलचित्रांची आठवण करून देणारी त्याची रंगसंगती. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे यंत्र सगळ्यांसाठी खुलं झालं. शब्दांत सूचना लिहायची, ते चित्र देणार. त्या सूचनेला सगळे प्रॉम्प्ट म्हणतात. लोकांच्या लवकरच लक्षात आलं की सूचनेच्या शेवटी `by greg rutkowski` एवढे शब्द टाकले की चित्र एकदम ‘भारी’ दिसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’नं बातमी दिली की एक कोटीहून जास्त चित्रं आणि त्यांच्या सूचना नोंदवणाऱ्या एका संकेतस्थळावर रुटकोव्स्कीचं नाव सुमारे ९३,००० वेळा आलेलं आहे. पिकासो, मायकेलअँजेलो, लिओनार्दो यांची नावं प्रत्येकी दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

त्याचंच नाव का? एक कारण फार बोचणारं आहे. रुटकोव्स्की आपली चित्रं इंटरनेटवर टाकताना प्रत्येक चित्राखाली इंग्रजीत वर्णन लिहायचा. दृष्टी नसलेल्या माणसांचं यंत्र ते वाचून दाखवू शकतं, म्हणून. आणि नेमकी अशीच वर्णनासकटची चित्रं यंत्र शिकवणाऱ्यांना हवी असतात. स्टेबल डिफ्यूजन इंटरनेटवरून गोळा केलेल्या अब्जावधी चित्रांवर आणि त्यांच्याशी जोडलेल्या मजकुरावर शिकलं होतं. मजकूर आणि चित्र यांची जोडी जितकी स्पष्ट, तितका त्या शब्दांचा यंत्रावर परिणाम मोठा. त्याच्या काळजीपूर्वक लिहिलेल्या ओळींनी त्याचं नाव आणि त्याचा हात यांची गाठ यंत्रात पक्की बांधून टाकली.

यंत्राच्या पोटात रुटकोव्स्कीची चित्रं एकावर एक रचून ठेवलेली नसतात, हेही इथे सांगायला हवं. शिकताना यंत्रातल्या कोट्यवधी आकड्यांमध्ये लहान लहान बदल होत जातात आणि शब्दांकडून चित्राकडे जाण्याच्या वाटा तयार होतात. ‘ग्रेग रुटकोव्स्की’ हे शब्द अशाच एका वाटेचं नाव बनले. याचा एक विलक्षण पुरावा नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाला. स्टेबल डिफ्यूजनची दुसरी आवृत्ती आली तेव्हा शब्द समजून घेणारा भाग बदललेला होता. एका रात्रीत रुटकोव्स्कीचं नाव टाकून पूर्वीचा परिणाम मिळेनासा झाला. वापरणारे चिडले. त्यांना ड्रॅगन मिळत होते, सोनेरी प्रकाश मिळत होता, पण ‘तो’ हात मिळत नव्हता. मग काहींनी त्याची चित्रं वेगळी गोळा करून यंत्राला जोडायच्या लहान पूरक फायली तयार केल्या आणि तोच परिणाम परत आणला.

रुटकोव्स्कीला पहिला फटका बसला तो शोधण्यात. स्वतःचं नाव शोधलं की न काढलेली चित्रं त्याच्या नावासकट समोर येऊ लागली. महिनाभरात ही अवस्था, तर वर्षभरानं त्या पुरात माझं खरं काम सापडणार तरी का, अशी त्याची भीती होती. ही भीती पैशाच्या हिशेबापेक्षा खोल आहे. चित्रकाराला काम कसं मिळतं? कुणीतरी त्याचं नाव शोधतं, त्याची चित्रं पाहतं आणि फोन करतं. शोधणाऱ्याला आधी हजारो परकी चित्रं दिसली, त्यातली बरीच ढोबळ, सहा बोटांच्या हातांची, तर त्याच्या नावाची जी किंमत वीस वर्षांच्या कामातून जमा झालेली असते ती पातळ होत जाते. इथे कुठल्याही एका चित्राची नक्कल झालेली नाही. स्टाइनबर्गसारखी दोन चित्रं शेजारी ठेवून बोट दाखवायला जागा नाही. तरीही काहीतरी काढून घेतलं गेलं आहे आणि ते काय आहे हे चित्रकाराला अचूक कळतं. ते त्याचं नाव आहे.

म्हणून मी या प्रश्नाचे दोन धागे वेगळे करून पाहते. एक धागा चित्राचा, दुसरा नावाचा. कायद्याचं बहुतेक लक्ष पहिल्यावर आहे. नीतीचा प्रश्न बराचसा दुसऱ्यावर आहे.

चित्राच्या धाग्यात आधी शिकवण्याचा प्रश्न येतो: परवानगीशिवाय चित्रं गोळा करून यंत्राला दाखवणं ही नक्कल आहे का? जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये याविरुद्ध दावा लावला. पुढे त्यात रुटकोव्स्कीही सामील झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी कॉपीराइटचे मुख्य दावे पुढे चालू द्यायला परवानगी दिली. मला त्या आदेशातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मिडजर्नी या कंपनीच्या बाजूनं चार हजारांहून अधिक चित्रकारांच्या नावांची एक यादी पुढे आली होती: या शैली आमचं यंत्र जाणतं, अशा अर्थानं. ही नावं अशा प्रकारे मिरवल्यानं चित्रकारांचा या यंत्राला पाठिंबा आहे असा समज होतो, हा दावाही न्यायाधीशांनी प्राथमिक टप्प्यावर फेटाळला नाही. म्हणजे नावाचा धागा कोर्टाच्याही हाती आला आहे.

आता आपल्याकडचं एक साधं उदाहरण घेऊ. एखाद्या दिवाळी अंकाचे संपादक मुखपृष्ठासाठी यंत्राकडे जातात. त्यांना एका हयात मराठी चित्रकाराचा हात फार आवडतो. ते नाव टाकतात, ‘वाड्याच्या ओसरीवर पणत्या लावणारी आजी’ असं लिहितात आणि चार चित्रं पुढ्यात येतात. अंकावर चित्रकाराचं नाव छापायचं नाही, एवढी काळजी ते घेणार आहेत. यात काय चुकलं?

पहिलं पाहायचं ते हे की चारपैकी एखादं चित्र त्या चित्रकाराच्या एखाद्या ठरावीक चित्राच्या फार जवळ तर जात नाही ना. ही भीती अंधारातली नाही. यंत्राला शिकवताना एखादं चित्र हजारो ठिकाणाहून पुन्हापुन्हा आलेलं असेल, तर यंत्र ते कधीकधी जसंच्या तसं बाहेर काढतं. संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये हे स्टेबल डिफ्यूजनवर करून दाखवलं. असं घडण्याचं प्रमाण फार थोडं होतं, पण घडतं ते नेमकं प्रसिद्ध, वारंवार छापल्या गेलेल्या चित्रांच्या बाबतीत, म्हणजे चित्रकाराच्या सगळ्यात ओळखीच्या मुखपृष्ठांच्या बाबतीत. म्हणून संपादकांनी चित्र उलट शोधून पाहायला हवं, आणि त्या चित्रकाराच्या गाजलेल्या चित्रांशेजारी ठेवून न्यायाधीश स्टँटन यांच्यासारखं तपासायला हवं. विषय सारखा आहे का, हे पाहून उपयोग नाही. पणतीची रांग त्याच कोनात आहे का, आजीच्या लुगड्याची घडी तिथेच पडली आहे का, ओसरीच्या खांबावर तीच महिरप आहे का, मागणीत नसलेलं मांजर त्याच कोपऱ्यात बसलं आहे का, हे पाहायचं. आपण मागितलं नव्हतं तरी आलेला तपशील कुठून आला, हा प्रश्न सगळ्यात उपयोगी. कधीकधी चित्राच्या कोपऱ्यात न वाचता येणारी सहीसारखी रेघोटी उमटते. ती कुणाच्या सहीची अचूक नक्कल असेलच असं नाही. पण यंत्र ज्या चित्रांवर शिकलं त्यांच्या कोपऱ्यात सह्या होत्या, हे ती सांगून जाते. ती खोडून टाकली म्हणून काही बदलत नाही.

असं साम्य सापडलं आणि तरीही अंक छापला, तर जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही. छापणारा आणि विकणारा संपादकच आहे. शिवाय यंत्राला दिलेली सूचना साठून राहिलेली असते. त्यात चित्रकाराचं नाव लिहिलेलं असेल, तर ते कोलंबियाच्या कचेरीत टांगलेल्या पोस्टरसारखंच आहे: हे चित्र पाहिलं होतं का, हे विचारायची गरजच पडत नाही.

समजा असं काहीही साम्य नाही. चित्र नवं आहे, फक्त हात ओळखीचा आहे. मग कॉपीराइटच्या कायद्यात संपादकांवर बोट ठेवायला जागा जवळजवळ उरत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखक-चित्रकारांना काही नैतिक हक्क देतं: हे माझं काम आहे असं सांगण्याचा हक्क, आणि माझ्या कामाची मोडतोड करून माझी बदनामी केली तर ती थांबवण्याचा. पण इथे त्या चित्रकाराचं कुठलंच काम मोडलेलं नाही, म्हणून हे कलमही कामाला येत नाही. न काढलेल्या चित्राचा बाप आपल्याला ठरवलं जातं आहे, ही त्याची तक्रार आहे.

इथे एक खिडकी उघडी आहे, आणि ती मुंबईतच उघडली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या बाजूनं एक अंतरिम आदेश दिला. त्यांचा आवाज यंत्राकरवी हुबेहूब काढून देणाऱ्या सेवांविरुद्ध ते गेले होते. न्यायालयानं त्यांचं नाव आणि आवाज यांच्याबरोबरच त्यांच्या गायनाची ढब आणि तंत्र यांनाही संरक्षण दिलं. पुढच्याच वर्षी आशा भोसले यांनाही याच न्यायालयात असंच संरक्षण मिळालं. आता विचार करा: गळ्याची ढब ही त्या माणसाची असेल, तर हाताची ढब कुणाची? चित्रकारांचा असा खटला आपल्याकडे आला तर हा प्रश्न नक्की विचारला जाईल. उत्तर सोपं नसेल. आवाज शरीरातून येतो आणि ऐकणाऱ्याला तो माणूसच समोर असल्यासारखा वाटतो. रेषा शिकता येते, वारशानं येते, दलालांच्या रेषेसारखी पसरते. पण नावाबद्दल मला शंका वाटत नाही. ‘अमुक चित्रकाराच्या शैलीत मुखपृष्ठ’ असं जाहिरातीत छापलं, किंवा वाचकाला त्यांनीच काढलं असावं असं वाटेल अशी मांडणी केली, तर हे नाव वापरून धंदा करणं आहे, आणि ते थांबवायची साधनं आपल्या कायद्यात आधीपासून आहेत.

म्हणून त्या संपादकांनी माझं मत विचारलं तर मी म्हणेन, सूचनेत हयात माणसाचं नाव घालू नका. छापणार नसाल तरीही. नाव टाकलं की जे मागायचं आहे ते मागण्याची गरजच संपते. त्या माणसानं आयुष्यभर केलेल्या निवडी फुकट, आयत्या हाती येतात. नावाऐवजी वर्णन लिहून पाहा: जाड काळी बाह्यरेषा, सपाट रंग, तीनच रंग, डोळ्यांच्या पातळीवरून पाहिलेला वाडा, संध्याकाळचा एकाच बाजूनं येणारा पिवळा प्रकाश. हे लिहिताना एक गोष्ट घडते, ती प्रत्येकानं करून पाहावी. आपल्याला त्या चित्रकारात काय आवडतं, हेच बहुतेकांना लिहिता येत नाही. प्रकाश लिहिता येतो, रंग लिहिता येतात. आजीच्या पाठीला कुठे किती बाक द्यायचा, हे लिहिता येत नाही, आणि मुखपृष्ठ ज्याच्यामुळे लक्षात राहतं ते बहुतेक वेळा तिथेच असतं. तोच हात हवा असेल, तर तो हात ज्यांचा आहे त्यांना फोन करायचा. मराठी अंकांची चित्रांसाठीची तरतूद मला माहीत आहे, आणि ती किती थोडी आहे हेही. तरी ती थोडी रक्कम जायची ती त्यांच्याकडेच जायला हवी.

यंत्र बनवणाऱ्यांनाही ही रेष दिसते. ओपनएआयनं २०२३ मध्ये ‘डॅल-ई ३’ आणताना जाहीर केलं की हयात चित्रकाराच्या शैलीत चित्र मागितलं तर यंत्र नकार देईल. पण मार्च २०२५ मध्ये त्यांच्याच नव्या यंत्रातून जपानच्या घिबली स्टुडिओच्या धर्तीवर केलेल्या फोटोंचा पूर आला, तेव्हा स्पष्टीकरण असं होतं की एकट्या हयात कलावंताची शैली नाकारली जाते, स्टुडिओची मोकळी आहे. घिबलीचा हात ज्यांच्यामुळे ओळखीचा झाला ते हायाओ मियाझाकी हयात आहेत. स्टुडिओचं नाव लावलं म्हणून तो हात बिनमालकीचा होत नाही.

शेवटची गोष्ट हॉली मेंगर्टची. ती अमेरिकेतली चित्रकार, लहान मुलांच्या पुस्तकांसाठी आणि डिस्नेसाठी काम केलेली. २०२२ च्या शरदात एका विद्यार्थ्यानं तिची ३२ चित्रं इंटरनेटवरून घेतली आणि स्टेबल डिफ्यूजनला तिचा हात शिकवला. अडीच तास लागले, भाड्याच्या संगणकाचा खर्च दोन डॉलरहून कमी. तयार झालेली फाइल त्यानं तिच्या नावानं सगळ्यांसाठी खुली केली. तिला हे कळलं ते मित्रांच्या आणि चाहत्यांच्या निरोपांतून.

तिनं पत्रकाराला जे सांगितलं त्यात दोन गोष्टी होत्या. एक अशी की त्या ३२ पैकी बरीच चित्रं डिस्नेसारख्या कंपन्यांच्या मालकीची होती. विचारलं असतं तरी ती परवानगी देऊ शकली नसती. जी चित्रं तिला स्वतःला परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, त्यांवर शिकलेली फाइल तिच्या नावाखाली जगाला वाटली गेली होती. दुसरी अशी की यंत्रातून आलेली चित्रं पाहून तिला आपलं काम दिसलं नाही. चित्र काढताना ती आधी त्या पात्राच्या मनात काय चाललं आहे याचा विचार करते. बाहेर आलेल्या चित्रांत रंग होते, गोल चेहरे होते, ते पात्र कोण आहे हे मात्र नव्हतं. आणि तरी वर नाव तिचंच होतं.

गवगवा झाल्यावर फाइलचं नाव बदललं गेलं. तिथे ‘इलस्ट्रेशन डिफ्यूजन’ असं साधं, कुणाचंही नसलेलं नाव आलं. पण आत शिकवलेलं बदलता आलं नाही. त्या फाइलकडून चित्र हवं असेल तर सूचनेत टाकायचे शब्द तेच राहिले: `holliemengert artstyle`.